पुरणपोळी कोणत्या गेटवर थांबवायची: खाद्य उत्पादन विकासातील निकष आणि बंद करण्याचा निर्णय

प्रश्न: आमची पॅकबंद खाद्यपदार्थांची मध्यम आकाराची कंपनी आहे. एका वेळी चौदा नवी उत्पादने विकासात आहेत. दर महिन्याला आढावा बैठक होते, पण एकही उत्पादन बंद होत नाही, फार तर तारीख पुढे जाते. आता स्टेज-गेट पद्धत आणायची आहे. निकष नेमके कसे लिहायचे आणि ‘हे इथेच थांबवा’ असे कोणी, कधी म्हणायचे?

उत्तर:

दर महिन्याच्या बैठकीत ‘काम कुठवर आले’ एवढेच विचारले जाते आणि काम नेहमीच कुठवर तरी आलेले असते. त्यामुळे अशा बैठकीतून बंद करण्याचा निर्णय निघत नाही. गेट ही वेगळी गोष्ट आहे. कॅनडातील रॉबर्ट कूपर यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत मांडली, तेव्हापासून तिचा गाभा तोच राहिला आहे: पुढच्या टप्प्याचा पैसा, यंत्राचा वेळ आणि माणसे सोडण्यापूर्वी, आधीच लिहून ठेवलेल्या निकषांवर एक निर्णय घ्यायचा. निर्णय चारच असू शकतात. उत्पादन पुढे जाईल, बंद होईल, ठरावीक मुदतीसाठी बाजूला ठेवले जाईल, किंवा एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर घेऊन परत येईल. म्हणून गेटची तारीख कॅलेंडरवरून ठरवू नका. मोठा खर्च सुरू होण्याच्या आदल्या दिवशी गेट असले पाहिजे.

खाद्य कंपनीत हे मोठे खर्च कुठे सुरू होतात ते सहज सांगता येते. कल्पनेवर कोणाचा तरी महिनाभराचा वेळ लावण्यापूर्वी पहिले गेट, प्रयोगशाळेतील काम सुरू करण्यापूर्वी दुसरे, कारखान्यातील ट्रायल आणि पॅकिंगची खरेदी करण्यापूर्वी तिसरे, बाजारात माल सोडण्यापूर्वी चौथे आणि बाजारात काही आठवडे काढल्यानंतर पाचवे. पहिल्या दोन गेटना अर्धा तास पुरतो. तिसऱ्या गेटवर मात्र कंपनीचा खरा पैसा अडकायला लागतो, कारण छपाईचे सिलिंडर कोरले जातात, फिल्म किमान मागणीच्या प्रमाणात उचलावी लागते आणि चालू उत्पादनाची लाइन ट्रायलसाठी थांबवावी लागते. म्हणून पुढचे बहुतेक विवेचन तिसऱ्या गेटविषयी आहे.

मी जवळून हाताळलेल्या एका प्रकल्पाचे उदाहरण घेतो. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत, पण त्यांचे परस्परांशी नाते तेच आहे. उत्पादन होते पुरणपोळी. चार पोळ्यांचे २८० ग्रॅमचे पाकीट, फ्रिजबाहेर ६० दिवस टिकणारे, एमआरपी १४० रुपये. कल्पना सर्वांना आवडली होती, विक्री विभागाला होळीपूर्वी माल हवा होता आणि मालकांच्या घरच्या पुरणाची चव प्रमाण म्हणून धरली होती. प्रत्यक्षात बंद करायला सर्वांत अवघड जाणारी उत्पादने अशीच असतात, आणि निकष आधी लिहून ठेवण्याची गरज अशा उत्पादनांनाच सर्वाधिक असते.

निकष लिहिताना पहिली चूक शब्दांत होते. ‘चव चांगली असावी’, ‘टिकवणकाळ पुरेसा असावा’, ‘नफा समाधानकारक असावा’ ही वाक्ये निकष नाहीत, कारण कोणताही निकाल त्यांत बसवता येतो. निकषात चार गोष्टी हव्यात: काय मोजायचे, कोणत्या पद्धतीने आणि किती नमुन्यांवर मोजायचे, सीमा कोणती, आणि ती ओलांडली गेली तर काय होईल. पुरणपोळीच्या चवीचा निकष शेवटी असा लिहिला गेला: ‘महिन्यातून एकदा तरी विकतची पोळी घेणारे, कंपनीशी संबंध नसलेले ६० ग्राहक, तव्यावर एक मिनिट गरम केलेली पोळी, नऊ गुणांची आवड-नावड मोजपट्टी, ताज्या पोळीला सरासरी किमान ७ गुण, टिकवणकाळाच्या अखेरीस किमान ६.५ गुण. यांपैकी एकही आकडा चुकला तर उत्पादन पुढे जाणार नाही.’ कार्यालयातील माणसांनी चाखून दिलेले गुण यात धरायचे नाहीत, हेही त्याच कागदावर लिहिले होते. स्वतःच्या कंपनीचा पदार्थ चाखणारा माणूस सहा गुण देत नाही.

अनिवार्य निकष पाच-सहापेक्षा जास्त नसावेत. बाकी सर्व गोष्टी, म्हणजे ब्रँडशी मेळ, स्पर्धकांपेक्षा वेगळेपण, निर्यातीची शक्यता वगैरे, गुणांकनासाठी ठेवता येतात. त्या गुणांचा उपयोग दोन उत्तीर्ण उत्पादनांत अग्रक्रम ठरवण्यापुरता करावा. अनेक कंपन्या सगळ्या निकषांना भार देऊन एकूण बेरीज काढतात. मला ही पद्धत खाद्यपदार्थांसाठी धोकादायक वाटते, कारण बाजारपेठेच्या आकाराला मिळालेले भरघोस गुण टिकवणकाळातील नापासी झाकून टाकतात. बुरशी आलेल्या पोळीची भरपाई मोठ्या बाजारपेठेने होत नाही, म्हणून अनिवार्य निकषांची सरासरी कधीही काढू नका.

पुरणपोळीच्या बाबतीत सर्वांत वरचा निकष सुरक्षिततेचा होता आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पुरण आणि पोळीची पारी या दोहोंत भरपूर ओलावा असतो. जिवाणूंना आणि बुरशीला त्यातील किती पाणी वापरता येते हे वॉटर ॲक्टिव्हिटी या मापाने कळते. शुद्ध पाण्याचे मूल्य १ असते. नेहमीच्या बुरशा साधारण ०.८० पर्यंत वाढू शकतात, तर बहुतेक घातक जिवाणू ०.८५ च्या खाली वाढून विष तयार करू शकत नाहीत. घरच्या पद्धतीने केलेल्या पोळीचे मूल्य ०.९० च्या वर सहज असते. बुरशी रोखण्यासाठी पाकिटातील ऑक्सिजन काढून टाकणे हा सोपा उपाय सर्वांना सुचतो, पण पुरणात आंबटपणा जवळजवळ नसतो आणि ऑक्सिजन नसलेल्या, ओलसर, आम्ल नसलेल्या पदार्थात बोट्युलिझमचा जिवाणू वाढू शकतो. म्हणजे बुरशी दिसेनाशी करणारा उपायच न दिसणारा धोका वाढवू शकतो. म्हणून निकष असा होता: ‘पुरण, पारी आणि दोहोंची सांध यांपैकी कुठेही, कोणत्याही बॅचमध्ये, वॉटर ॲक्टिव्हिटी ०.८५ पेक्षा जास्त असता कामा नये. हा निकष चुकल्यास ऑक्सिजनरहित पॅकिंगचा विचारही होणार नाही.’ या एका ओळीवर गुणवत्ता प्रमुखाला नकाराधिकार दिला होता. त्यांना चवीवर किंवा किमतीवर नकाराधिकार नव्हता. नकाराधिकार ज्या विषयाचा, त्याच विषयापुरता असावा.

प्रयोगशाळेने गुळाचे प्रमाण वाढवून, पुरण जास्त आटवून आणि पारीत ग्लिसरॉल घालून हे मूल्य ०.८३ पर्यंत आणले. गोडी वाढली, पण ताज्या पोळीला ग्राहकांकडून ७.२ गुण मिळाले. इथपर्यंत प्रकल्प निरोगी दिसत होता.

आता टिकवणकाळाकडे येऊ, कारण खाद्य कंपनीतील गेट बहुतेक वेळा इथेच फसते. होळीची तारीख हलत नाही. माल दुकानात सणाच्या तीन आठवडे आधी हवा, फिल्म छापून यायला पाच-सहा आठवडे लागतात, त्याआधी कारखान्यातील ट्रायल आणि त्याआधी ६० दिवसांची टिकवण चाचणी. मार्चमधील होळीपासून मागे मोजत गेले की चाचणी सप्टेंबरअखेर सुरू व्हायला हवी असे निघते. ती सुरू झाली नोव्हेंबरमध्ये. अशा वेळी कोणीतरी प्रवेगित चाचणीचा पर्याय पुढे करते: ३८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रतेत पाकिटे ठेवायची, तापमान दहा अंशांनी वाढले की बिघाड दुपटीने किंवा तिपटीने वेगवान होतो हे गृहीत धरायचे आणि तीन-चार आठवड्यांत ६० दिवसांचे उत्तर मिळवायचे.

तळलेल्या फरसाणात तेल खवट होणे किंवा मसाल्याचा रंग उतरणे यांसाठी हा हिशेब दिशा दाखवतो. पोळीसाठी तो फसवतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी. पोळी शिळी होऊन चिवट पडते ती तिच्यातील स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट रचले जातात म्हणून. ही क्रिया थंडीत वेगाने होते, फ्रिजच्या तापमानाजवळ सर्वांत जास्त, आणि ३८ अंशांवर ती मंदावते. दुसरीकडे, पदार्थांवर येणाऱ्या अनेक बुरशा २५ ते ३० अंशांवर जोमाने वाढतात आणि ३८ अंशांवर अडखळतात. म्हणजे गरम कपाटात ठेवलेली पोळी दुकानातल्या फळीवरच्या पोळीपेक्षा मऊही राहते आणि स्वच्छही राहते. आमच्या प्रकल्पात नेमके हेच झाले. प्रवेगित चाचणीचा अहवाल उत्तम आला आणि विक्री विभागाने त्यावर आग्रह धरला. निकषात मात्र आधीच लिहिलेले होते: ‘३० अंश, ७५ टक्के आर्द्रता, प्रत्यक्ष ६० दिवस, ४० पाकिटे. एकाही पाकिटात बुरशी नको. प्रवेगित चाचणीचा निकाल या निकषासाठी ग्राह्य नाही.’ ती शेवटची ओळ नसती तर उत्पादन त्याच आठवड्यात पुढे गेले असते. कोणता पुरावा चालणार नाही हे लिहून ठेवणे सीमेचा आकडा लिहिण्याइतकेच आवश्यक आहे.

२८ व्या दिवशी ४० पैकी ३ पाकिटांत पोळीच्या कडेला हिरवट ठिपके दिसले. ३५ व्या दिवशी ठरल्याप्रमाणे मधल्या टप्प्याची पाकिटे उघडली, तेव्हा पोळी गरम केल्यावरही घडीवर तडकत होती आणि ग्राहकांचे गुण ५.८ वर आले होते.

या क्षणी निकष चुकला आहे हे स्पष्ट होते, पण बंद करायचे की परत पाठवायचे हे ठरवण्यासाठी अजून एक प्रश्न विचारावा लागतो: दोष बांधणीतला आहे की पदार्थाच्या स्वभावातला? बुरशी आलेली तिन्ही पाकिटे पाण्यात बुडवून दाब कमी केला तेव्हा सीलमधून बुडबुडे आले. पोळी पाकिटात सरकवताना कडेचे तूप सीलच्या जागी लागत होते, तेथे फिल्म नीट चिकटत नव्हती आणि बारीक गळतीतून ऑक्सिजन आत येत होता. हा बांधणीतला दोष झाला. पाकिटाच्या तोंडाशी सरकपट्टी बसवून तो घालवता येतो. चिवटपणाचे कारण वेगळे होते. पुरण आणि पारी यांच्या ओलाव्यात फरक होता, त्यामुळे साठवणीत ओलावा एका थरातून दुसऱ्यात सरकत होता, आणि स्टार्चची पुनर्रचना तर चालूच होती. वॉटर ॲक्टिव्हिटी खाली ठेवण्यासाठी पारीत पाणी वाढवता येत नव्हते, पाणी वाढवल्याशिवाय पारी मऊ राहत नव्हती. हे दोन निकष एकमेकांच्या विरुद्ध ओढत होते.

इथे समितीने प्रकल्प परत पाठवला आणि माझ्या मते ते योग्य केले, कारण परत पाठवताना तीन अटी घातल्या. एक, प्रश्न एकच: ‘वॉटर ॲक्टिव्हिटी ०.८५ च्या आत ठेवून ३५ व्या दिवशीची पोळी ६.५ गुणांवर आणता येते का?’ दोन, मुदत सात आठवडे आणि खर्चाची मर्यादा ठरलेली. तीन, हे एकदाच. दुसऱ्यांदा त्याच निकषावर चुकल्यास नवी चर्चा न होता उत्पादन बंद. तुमच्याकडे ‘तारीख पुढे जाते’ असे तुम्ही लिहिले आहे. ते बहुधा प्रश्न न लिहिता परत पाठवल्यामुळे होत असावे. ‘अजून थोडे सुधारून आणा’ हे वाक्य गेट-बैठकीच्या टिपणात आले की ते उत्पादन वर्षभर जिवंत राहते.

याच टप्प्यावर नमुन्यांच्या संख्येविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. समजा ४० पैकी एकाही पाकिटात बुरशी आली नसती. तेवढ्याने गळतीचा प्रश्न संपला असे म्हणता येते का? शून्य बिघाड दिसला असताना खरा बिघाड जास्तीत जास्त किती असू शकेल याचा ढोबळ नियम असा आहे की तीन भागिले नमुन्यांची संख्या. ४० नमुन्यांत शून्य आले तरी खरा बिघाड साडेसात टक्क्यांपर्यंत असू शकतो. एक टक्क्याची खात्री हवी असेल तर ३०० नमुने शून्य बिघाडाने पार पडावे लागतात. ३०० पाकिटे पोळ्या भरून ६० दिवस ठेवणे महाग पडते, पण ३०० पाकिटे सील करून पाण्यात गळती तपासणे एका दिवसाचे काम आहे. म्हणून सीलचा निकष टिकवणकाळाच्या निकषातून वेगळा काढला आणि ‘३०० पैकी शून्य गळती’ असा लिहिला. जो दोष स्वस्तात मोजता येतो तो महागड्या चाचणीत शोधत बसू नये.

आता किमतीचा निकष. बहुतेक कंपन्यांत तो टिकवणकाळापासून वेगळा तपासला जातो, आणि खाद्यपदार्थात हे दोन्ही एकच आहेत हे निसटते. हिशेब असा. एमआरपी १४० रुपये. हिशेबापुरता कर ५ टक्के धरला तर करपूर्व किंमत १३३ रुपये. दुकानदाराचे २० टक्के वजा जाता १०७ रुपये, वितरकाचे ७ टक्के वजा जाता सुमारे ९९ रुपये, वाहतुकीचे ५ वजा जाता ९४ रुपये. मुदत संपल्यामुळे परत येणाऱ्या मालापोटी ४ टक्के धरले तर कंपनीच्या हातात सुमारे ९० रुपये उरतात. निकष होता की कच्चा माल, पॅकिंग आणि थेट मजुरी वजा जाता यातील ३५ टक्के शिल्लक राहावेत. म्हणजे खर्चाची कमाल मर्यादा ५८ रुपये. दुसऱ्या गेटवर अंदाज ५४ रुपयांचा होता, उत्पादन पास झाले. तिसऱ्या गेटपर्यंत ग्लिसरॉल, ऑक्सिजन शोषणारी पुडी आणि जाड फिल्म मिळून खर्च ५७ रुपयांवर गेला. तरीही पास.

पण ४ टक्के परतावा हा ६० दिवसांच्या टिकवणकाळावर धरलेला आकडा होता. बरेच मोठे खरेदीदार माल स्वीकारताना एकूण मुदतीपैकी निदान दोन तृतीयांश शिल्लक मागतात. ई-कॉमर्ससाठी तर एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले आहे की ग्राहकाच्या हाती माल देताना ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत शिल्लक असावी. टिकवणकाळ ३० दिवसांवर आला की कारखाना, डेपो आणि वितरक या तिघांना मिळून दहाच दिवस उरतात. विक्री विभागाने आपल्या अशाच कमी मुदतीच्या जुन्या उत्पादनाचा परतावा काढला तेव्हा तो १२ टक्के निघाला. ९९ रुपयांतून ५ रुपये वाहतूक आणि १२ रुपये परतावा वजा केला तर हातात ८२ रुपये. त्यातील ३५ टक्के राखायचे असतील तर खर्चाची मर्यादा ५३ रुपये होते आणि प्रत्यक्ष खर्च ५७. म्हणजे ‘६० ऐवजी ३० दिवस छापू आणि बाजारात जाऊ’ ही जी तडजोड प्रत्येक बैठकीत सुचवली जाते, ती किमतीच्या निकषावर नापास होते. म्हणून माझा आग्रह असतो की किमतीच्या तक्त्यात टिकवणकाळाचा रकाना असलाच पाहिजे आणि तो बदलला की परताव्याचा आकडाही बदलला पाहिजे.

सात आठवड्यांनी प्रकल्प परत आला. सरकपट्टीमुळे सीलचा प्रश्न सुटला होता, ३०० पैकी एकही पाकीट गळले नाही. पारीत एन्झाइम आणि जास्त तूप वापरून ३५ व्या दिवशीचे गुण ५.८ वरून ६.१ पर्यंत चढले होते. निकष ६.५ चा होता. सादरीकरण करणाऱ्याने म्हटले की कल वरच्या दिशेने आहे आणि आतापर्यंत ६ लाख खर्च झाले आहेत. समितीच्या अध्यक्षांनी एवढेच विचारले: ‘आज आपल्यासमोर हे उत्पादन प्रथमच आले असते, या आकड्यांसह, तर सिलिंडर, फिल्म आणि लाइनमधील फेरफारांसाठी पुढचे २२ लाख आपण दिले असते का?’ झालेला खर्च कागदावर दाखवलाच नव्हता आणि गेटच्या कागदावर तो कधीच दाखवू नये. त्याच बैठकीत, त्याच दिवशी, उत्पादन बंद झाले.

हा निर्णय कोणी घेतला हे तुमच्या प्रश्नाचे दुसरे अंग. समितीत चौघे होते: उत्पादन, वित्त, विक्री आणि गुणवत्ता यांचे प्रमुख. ज्यांच्या हातात पुढच्या टप्प्याचा पैसा, लाइन आणि माणसे आहेत त्यांनीच निर्णय घ्यावा. सल्लागार आणि हितचिंतक समितीत नसावेत. उत्पादन विकास प्रमुख आकडे मांडतो, प्रश्नांची उत्तरे देतो आणि निर्णयाच्या वेळी बाहेर जातो. त्याला मत देण्यास लावणे हा त्याच्यावरही अन्याय आहे, कारण सहा महिने ज्या पदार्थावर जीव लावला त्याच्या विरुद्ध हात वर करायला आपण त्याला सांगत असतो.

कौटुंबिक मालकीच्या कंपनीत मालकांचे काय करायचे हा प्रश्न नेहमी येतो. त्यांना बैठकीतून वगळता येत नाही आणि वगळूही नये. त्यांचा सहभाग आधी घ्या. दुसऱ्या गेटवर, एकही चाचणी झालेली नसताना, तिसऱ्या गेटच्या निकषांच्या कागदावर त्यांची सही घ्या. त्या वेळी ०.८५ किंवा ६.५ या आकड्यांशी कोणाचे भावनिक नाते नसते, त्यामुळे चर्चा स्वच्छ होते. निकाल आल्यावर आकडा बदलायचा असेल तर तो बदलता येतो, पण लेखी, कारणासह, त्यांच्याच सहीने आणि गेटच्या बैठकीपूर्वी. मी पाहिले आहे की ही अट असली की आकडे फारसे बदलले जात नाहीत. पुरणपोळीच्या प्रकल्पातही मालकांनी आपली जुनी सही पाहिली आणि निर्णय मान्य केला.

बंद केल्यानंतर एका पानाची नोंद लिहिणे बंधनकारक ठेवा. त्यात कोणता निकष चुकला, कारण काय सापडले, कोणती परिस्थिती बदलली तर उत्पादन पुन्हा उघडता येईल आणि उरलेल्या मालाचे व माणसांचे काय झाले, एवढेच हवे. पुरणपोळीच्या नोंदीत लिहिले होते की कंपनीकडे उणे १८ अंशांची वितरण साखळी आली तर गोठवलेल्या पोळीचा विचार नव्याने करावा, कारण त्या तापमानाला स्टार्चची पुनर्रचना जवळजवळ थांबते आणि वॉटर ॲक्टिव्हिटी खाली आणण्याची गरज उरत नाही. कामावरची दोन माणसे दुसऱ्याच दिवशी कोणत्या प्रकल्पावर जातील हेही त्यात होते. हे लिहिले नाही तर बंद झालेला प्रकल्प संध्याकाळच्या वेळात गुपचूप चालू राहतो.

त्याच बैठकीत कोणीतरी म्हणाले की पुरणपोळी नाही तर गुळपोळी करू, लाइन तीच आहे. कल्पना चांगली होती. गुळपोळीचे सारण तीळ, खसखस, भाजलेले बेसन आणि गूळ यांचे, म्हणजे जवळजवळ कोरडे असते आणि ती घरीही कितीतरी दिवस टिकते. पण तिला पहिल्या गेटपासूनच यायला सांगितले. तिचे मरण वेगळे आहे: तिळाचे तेल खवट होणे आणि पावसाळ्यात पोळी सादळणे. तिला प्रवेगित चाचणी उपयोगी पडते, तिचे चव-निकष खुसखुशीतपणाचे असतात आणि तिची मागणी संक्रांतीभोवती एकवटलेली असते. बंद झालेल्या उत्पादनाने ओलांडलेली गेट त्याच्या जागी आलेल्या उत्पादनाला वारशाने मिळत नाहीत.

चौथ्या गेटविषयी थोडेच सांगतो. कारखान्यात सलग तीन बॅच, नेहमीच्या कामगारांनी, नेहमीच्या वेगाने काढलेल्या, आणि प्रयोगशाळेच्या माणसाने यंत्राला हात न लावता. त्या तिन्हींत वजन, ओलावा आणि नासाडी ठरलेल्या मर्यादेत असावी. लेबलवरील घटक, पोषणमूल्ये आणि दावे एफएसएसएआयच्या नियमांशी आणि निव्वळ वजन व एमआरपी वैधमापनाच्या नियमांशी पडताळून, छपाईपूर्वी, सही करून घ्यावेत. इथे उत्पादन बंद होणे विरळ असावे. वारंवार होत असेल तर तिसरे गेट सैल आहे असे समजावे.

पाचवे गेट मात्र बहुतेक कंपन्यांत नसतेच आणि त्यामुळे दुकानांतून कूर्मगतीने चालणारी उत्पादने वर्षानुवर्षे यादीत राहतात. इथे एकच सावधगिरी सांगतो: कंपनीने वितरकाला पाठवलेला माल म्हणजे विक्री धरू नका. पहिल्या महिन्यात तो आकडा नेहमीच सुंदर दिसतो, कारण वितरकाचे गोदाम भरत असते. निकष दुकानाच्या पुनर्मागणीवर बांधा. उदाहरणार्थ, ज्या दुकानांनी पहिल्यांदा माल घेतला त्यांपैकी किमान ४० टक्क्यांनी बारा आठवड्यांत तिसऱ्यांदा मागवला पाहिजे, आणि परतावा किमतीच्या तक्त्यात धरलेल्या टक्क्यापेक्षा वर जाता कामा नये. आकडा तुमच्या पदार्थाच्या खपानुसार ठरेल, पण तो चौथ्या गेटवर, माल बाजारात जाण्यापूर्वी लिहिलेला असावा.

आता तुमची चौदा उत्पादने. ती सगळी नव्या पद्धतीत एकदम घालू नका. एका आठवड्यात प्रत्येकासाठी एकच पान मागवा: पुढचा मोठा खर्च कोणता, तो कोणत्या तारखेला होणार, आणि हे उत्पादन ज्याने मरण्याची शक्यता सर्वाधिक आहे तो एक प्रश्न कोणता. ज्यांना तो प्रश्न लिहिता येत नाही किंवा ज्यांच्या पानावर सही करायला कोणी पुढे येत नाही, ती तिथेच थांबवा. उरलेल्यांत ज्यांचा खर्च येत्या दोन महिन्यांत आहे त्यांचेच निकष आधी लिहा. आणि ज्यांचा तो एक प्रश्न टिकवणकाळाचा असेल, त्यांची खऱ्या तापमानावरची चाचणी निकषांचा कागद पूर्ण होण्याची वाट न पाहता याच आठवड्यात सुरू करा. तीस अंशांच्या कपाटात पाकिटे ठेवायला कोणत्याही गेटची परवानगी लागत नाही आणि ते ६० दिवस नंतर कोणत्याही खर्चाने विकत मिळत नाहीत.